निकालाचा तक्ता खोट्या गुणांनी तपासताना

प्रश्न: दहावीच्या प्रिपरेटरीच्या निकालासाठी गुगल शीटमध्ये तक्ता केलाय. 43 मुलं, सहा विषय. मराठी 125 ची, बाकीचे पाच 100 चे. प्रत्येक विषयात 35 टक्क्यांना पास धरलंय, श्रेणी एकूण 625 वर: 563 पासून A+, 500 A, 438 B+, 375 B, 313 C+, 219 C. खरे गुण भरायच्या आधी RANDBETWEEN ने खोटे गुण टाकून पाहिले, तर तिघं-चौघं सोडून सगळा वर्ग नापास! सूत्र चुकलंय का? खाली दोन्ही सूत्रं देतेय. टक्के काढून त्यावरून मी IF ने श्रेणी लावते. एवढी तपासणी पुरेल का? (निपाणी, मराठी माध्यम)

```
=IF(COUNTIF(C2:H2,"<35")=0,"उत्तीर्ण","अनुत्तीर्ण")
=ROUND(I2/625*100,0)
```

उत्तर:

मॅडम, वर्ग नापास दिसतोय तो सूत्रामुळे नाही, गुणांमुळे. पण सूत्रांतही तीन चुका आहेत, आणि तुम्ही टाकलेल्या गुणांनी त्या तिन्ही झाकून ठेवल्यात. मी खानापूर तालुक्यात हायस्कूलला गणित शिकवतो आणि आमच्याबरोबर आसपासच्या शाळांचेही निकालाचे तक्ते बघून देतो. तुमच्यासारखा तक्ता दरवर्षी समोर येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वर्ग नापास का झाला ते बघू. RANDBETWEEN(0,100) ला 0 पासून 100 पर्यंतचा प्रत्येक आकडा सारखाच. त्यातले 35 किंवा जास्त असे 66 आकडे आहेत, म्हणजे एका विषयात पास व्हायची शक्यता साधारण 65 टक्के. पण निकाल ‘उत्तीर्ण’ यायला सहाच्या सहा विषयांत पास व्हावं लागतं, आणि यात प्रत्येक विषयाचा आकडा स्वतंत्र निघतो. 65 टक्के सहा वेळा गुणले की उरतात आठेक टक्के. 43 मुलांत तीन-चार. तुम्हाला दिसलं ते अगदी बरोबर दिसलं.

खऱ्या वर्गात असं होत नाही, कारण एकाच मुलाचे सहा विषय एकमेकांना धरून असतात. गणितात 90 घेणारी मुलगी विज्ञानात सहसा 12 वर येत नाही. RANDBETWEEN ला मूल माहीत नाही, फक्त चौकट माहीत आहे. त्याचा दुसरा परिणाम जास्त त्रासाचा. सहा सुटे आकडे मिळवले की एकूण बेरीज मधेच, 312 च्या आसपास घोटाळत राहते. 563 च्या वर जायला सहाही आकडे एकदम मोठे यावे लागतील, आणि 43 मुलांच्या तक्त्यात ते होण्याची वाट बघू नका. म्हणजे A+ आणि A लावणारा तुमच्या सूत्राचा भाग एकदाही चालला नाही. तिथे A+ ऐवजी चुकून C लिहिलं असतं तरी कळलं नसतं.

तेव्हा खोटे गुण काढायचेच तर आधी मुलाची पातळी काढा आणि विषयांचे गुण तिच्या मागेपुढे ठेवा. तक्त्याच्या बाहेर, समजा N स्तंभात, पातळी. मग मराठीच्या C मध्ये आणि बाकीच्या D ते H मध्ये तिच्यावरून गुण:

```
N2:  =RANDBETWEEN(25,95)
C2:  =MAX(0,MIN(125,ROUND($N2*1.25,0)+RANDBETWEEN(-15,15)))
D2:  =MAX(0,MIN(100,$N2+RANDBETWEEN(-12,12)))
```

D2 मधलं सूत्र H2 पर्यंत ओढा, मग सगळं खाली 44 व्या ओळीपर्यंत. MIN आणि MAX एवढ्याचसाठी की 95 पातळीच्या मुलाला 107 मिळू नयेत. आता पातळी 47 असलेल्या मुलाला वाईटात वाईट 35 पडतात, मराठीत 44, म्हणजे तिथून वरचे सगळे पास. 43 पैकी तीसेक मुलं पास होतील, तीन-चार जण A+ च्या आसपास जातील, आणि एक-दोन विषयांत राहिलेली मुलंही दिसतील. तुमच्या शाळेचा निकाल याहून चांगला लागत असेल तर 25 च्या जागी 35 घाला. हे आकडे माझ्या सोयीचे आहेत, नियम नव्हे.

गुण आले की लगेच C2 ते H44 निवडा, कॉपी करा आणि त्याच जागी Ctrl+Shift+V ने नुसत्या किमती चिकटवा. हे राहून गेलं तर तुम्ही शीटमध्ये कुठेही काही टाइप केलं की सगळे गुण बदलतात. एका मुलाचा निकाल विचित्र दिसतो, तुम्ही सूत्र बघायला जाता, आणि परत येईपर्यंत ते मूल पास झालेलं असतं. चूक होती की नव्हती हेच कळत नाही. गुण गोठवल्यावर मात्र सूत्र सुधारण्याआधीचा आणि नंतरचा निकाल त्याच गुणांवर ताडून बघता येतो.

इथवर वर्ग खऱ्यासारखा दिसायला लागला. तरी तुमच्या तिन्ही चुका अजून लपलेल्याच राहू शकतात, कारण त्या ठरावीक जागीच उघड होतात आणि यादृच्छिक आकडा नेमका तिथे पडेल याची खात्री नसते. तक्त्यातल्या चुका बहुतेक वेळा सीमेवर असतात: पास-नापासच्या, दोन श्रेणींच्या, आणि आकडा आहे की नाही याच्या. सीमेवरचे गुण हातानेच भरावे लागतात. मी नेहमी तक्त्याच्या सुरुवातीला अशी काही खोटी मुलं बसवतो, आणि त्यांचा निकाल सूत्राकडे न बघता आधी कागदावर लिहून ठेवतो. तुमच्या नियमांवर ती अशी:

```
क्र.  मराठी  बाकी पाच विषय     एकूण  अपेक्षित निकाल
901   44    35 35 35 35 35   219   उत्तीर्ण, C
902   43    35 35 35 35 35   218   अनुत्तीर्ण
903   112   90 90 90 90 90   562   उत्तीर्ण, A
904   113   90 90 90 90 90   563   उत्तीर्ण, A+
905   120   34 95 95 95 95   534   अनुत्तीर्ण
906   100   80 AB 80 80 80   420   गैरहजर
907   100   80 __ 80 80 80   420   तपासा
```

907 मधली रेघ म्हणजे रिकामी चौकट, तिथे काहीच टाइप करायचं नाही. हजेरी क्रमांक मुद्दाम 901 पासून घेतो. नावाच्या जागी नाव लिहीत नाही, म्हणजे खोटी ओळ कुणी खरी समजत नाही.

आता तुमची सूत्रं यावर चालवू. 901 बरोबर येतो. 902 ला मराठीत 43 आहेत. 125 चे 35 टक्के 43.75, म्हणजे पासाला 44 हवेत आणि हा मुलगा नापास. पण तुमचं COUNTIF सहाही विषयांना 35 हीच मोजपट्टी लावतं. 43 हा 35 पेक्षा कमी नाही, म्हणून सूत्र म्हणतं उत्तीर्ण. मराठीत 35 ते 43 मध्ये पडलेलं प्रत्येक मूल असंच पास दाखवलं जाईल. तुमच्या पहिल्या खोट्या वर्गातही या पट्ट्यात दोन-तीन मुलं आली असणार, पण ती दुसऱ्या कुठल्या तरी विषयात नापास होती, म्हणून निकाल योगायोगाने बरोबर दिसला. वर्गच्या वर्ग नापास निघाला की चूक अशी झाकली जाते.

903 बघा. 562 ला 625 ने भागलं की 89.92 टक्के. ROUND त्याचे 90 करतो, आणि तुमचा IF 90 बघून A+ देतो. तुमच्याच नियमाने A+ 563 पासून आहे. 499, 437, 374, 312 या सगळ्या बेरजांवर हाच प्रकार होणार, दर वेळी एका गुणाने वरची श्रेणी. यावर उपाय सोपा आहे: टक्के दाखवायला ठेवा, पण श्रेणी टक्क्यांवरून काढूच नका. नियम गुणांत दिलेला आहे, तर तुलनाही गुणांशीच करा. ROUND काढून नुसता दशांश लपवला तर सूत्र बरोबर चालेल, पण पडद्यावर 90 टक्के आणि शेजारी A असं दिसेल आणि पालक विचारायला येतील. म्हणून टक्के दोन दशांशांपर्यंत दाखवा.

905 तुमच्या सूत्रात बरोबर नापास येतो, पण त्याच्यापुढे A छापलं जातं, कारण श्रेणी फक्त टक्के बघते, निकाल बघत नाही. हे पुढे येणाऱ्या तिसऱ्या चुकीच्याच घरातलं आहे: एक स्तंभ दुसऱ्याला न विचारता उत्तर देतो.

आणि तिसरी चूक, 906 आणि 907. यांच्यासाठी मी एवढं लांबण लावलं. गैरहजर मुलीच्या चौकटीत आपण AB लिहितो. COUNTIF मधली "<35" ही अट फक्त आकडे मोजते. AB हा मजकूर, तो तिला दिसतच नाही. रिकामी चौकटही दिसत नाही. म्हणजे 35 पेक्षा कमी गुणांचे विषय शून्य, निकाल उत्तीर्ण, एकूण 420, टक्के 67, श्रेणी B. पेपरला न बसलेली मुलगी पहिल्या वर्गात पास. एका शाळेत मी हे फलकावर लागलेलं पाहिलं आहे. निकाल उतरवला, पण तोवर घरी पेढे वाटून झाले होते. त्या मुलीला घरी जाऊन काय सांगावं लागलं असेल याचा विचार करा, म्हणजे 906 क्रमांकाची ओळ कधी विसरणार नाही.

कुणी म्हणेल, COUNTIF सोडून प्रत्येक विषयाला IF(C2>=35,...) लावू. मग रिकामी चौकट शून्य धरली जाते आणि नापास येते, ते ठीक. पण AB पुन्हा पास होतो, कारण मजकुराची आकड्याशी तुलना केली की शीट मजकूर मोठा धरते. RANDBETWEEN कधी AB देत नाही आणि चौकट रिकामीही सोडत नाही, म्हणून नुसत्या यादृच्छिक गुणांवर ही चूक हजार वेळा तपासली तरी सापडायची नाही.

दुरुस्ती अशी. ‘नियम’ नावाचं वेगळं पान करा आणि त्यात B2 ते G2 मध्ये पासाचे गुण लिहा: 44, 35, 35, 35, 35, 35. मग निकालाच्या स्तंभात, म्हणजे J2 मध्ये:

```
=IF(COUNT(C2:H2)+COUNTIF(C2:H2,"AB")<6,"तपासा",
 IF(COUNTIF(C2:H2,"AB")>0,"गैरहजर",
 IF(SUMPRODUCT(--(C2:H2<'नियम'!$B$2:$G$2))=0,
 "उत्तीर्ण","अनुत्तीर्ण")))
```

आणि श्रेणीसाठी:

```
=IF(J2<>"उत्तीर्ण","",IFS(I2>=563,"A+",I2>=500,"A",
 I2>=438,"B+",I2>=375,"B",I2>=313,"C+",I2>=219,"C"))
```

पहिल्या सूत्राचा क्रम मुद्दाम तसा आहे. सहाही चौकटींत आकडा किंवा AB आहे का हे आधी विचारायचं, आणि नसेल तर पुढे जायचंच नाही. ‘अनुत्तीर्ण’ पेक्षा ‘तपासा’ बरं: अर्धवट भरलेल्या ओळीला निकाल मिळता कामा नये.

हाच ‘तपासा’ आपल्या भागात आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो. गुण भरणारे चार जण, फोनवर कुणाचा कीबोर्ड मराठी, कुणाचा कन्नड. देवनागरी किंवा कन्नड अंकात टाइप केलेले गुण शीटने आकडा म्हणून घेतले की मजकूर म्हणून, हे डोळ्यांना कळत नाही. आकड्याआधी अपॉस्ट्रॉफी राहिली किंवा शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला तरी तसंच. शंका असेल त्या चौकटीवर =ISNUMBER(C2) लावा; FALSE आलं तर तो मजकूर, आणि SUM त्याला बेरजेत घेत नाही. वरच्या सूत्रात COUNT फक्त आकडेच मोजतो, त्यामुळे अशी ओळ आपोआप ‘तपासा’ म्हणते. तुमच्या कन्नडच्या सरांना त्यांच्याच फोनवरून एक खोटी ओळ भरायला सांगा. तुमच्या लॅपटॉपवर केलेली तपासणी त्यांच्या कीबोर्डबद्दल काही सांगत नाही.

85 च्या जागी 850 पडले तर मात्र या सूत्रांना कळणार नाही. त्यासाठी डेटा व्हॅलिडेशन लावून C ला 0 ते 125 आणि बाकीच्यांना 0 ते 100 एवढंच घेऊ द्या, पण AB ला वाट ठेवा, नाहीतर भरणारे वैतागून व्हॅलिडेशनच काढून टाकतात.

काही गोष्टी तुमच्या शाळेवर अवलंबून आहेत, त्या इथून मी सांगू शकत नाही. गैरहजर मुलाला निकालात ‘गैरहजर’ म्हणायचं की ‘अनुत्तीर्ण’, हे मुख्याध्यापकांना विचारा आणि तो शब्द सूत्रात घाला. पासाची टक्केवारी यंदाच्या परिपत्रकातूनच घ्या, गेल्या वर्षीच्या तक्त्यातून नको. ‘नियम’ पान वेगळं केलंय ते याचसाठी, तिथले सहा आकडे बदलले की सगळ्या तक्त्याचा पास-नापास बदलतो; श्रेणीच्या सीमा मात्र वरच्या सूत्रातच बदलाव्या लागतात. लेखी आणि अंतर्गत गुण वेगळे भरत असाल तर खोटे गुणही वेगळे काढा, आणि लेखीत किमान गुणांची वेगळी अट असेल तर एकूण पास पण लेखीत एका गुणाने कमी अशी आणखी एक ओळ 908 म्हणून घाला. श्रेणींच्या बाकीच्या सीमांसाठीही जोड्या करा. 499 ला मराठीत 99 आणि बाकीच्यांत 80, 500 ला मराठीत 100. खालच्या जोड्या अशाच जुळवता येतात.

आता तपासणीचा क्रम. मूळ फाइलची प्रत काढा आणि सगळं तिच्यातच करा. पहिल्या सात ओळींत 901 ते 907, खालच्या 36 ओळींत पातळीवरून काढलेले आणि गोठवलेले गुण. हाताने लिहिलेला अपेक्षित निकाल, श्रेणी सोडून, M स्तंभात टाइप करा आणि O मध्ये हे लावा:

```
=IF(J2=M2,"","चूक")
```

पहिल्या सात ओळींत O कोरा राहिला पाहिजे. श्रेणी डोळ्यांनी ताडा, पास झालेल्या तीनच आहेत. यादृच्छिक 36 मुलांचा निकाल एकेक करून हाताने काढत बसू नका, त्यांचा उपयोग वेगळा आहे. त्यांच्यावर ठोक तपासणी चालते. उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, गैरहजर आणि तपासा यांची COUNTIF ने काढलेली बेरीज 43 च यावी. सगळ्या श्रेणींची बेरीज उत्तीर्णांएवढी यावी. आणि

```
=SUM(C2:H44)=SUM(I2:I44)
```

हे TRUE यावं. ते FALSE आलं तर बहुतेक वेळा कारण तळाशी सापडतं: उशिरा दाखल झालेल्या मुलाची ओळ खाली जोडली, या सूत्रातले 44 वाढवले, पण एकूणचं सूत्र तिथवर ओढलंच नाही. मात्र या बेरजेवर एक मर्यादा लक्षात ठेवा. मजकूर झालेला आकडा दोन्ही बाजूंना सारखाच गळतो, त्यामुळे उत्तर TRUE येतं आणि मुलाचे गुण तरी गेलेले असतात. ते पकडायला ‘तपासा’च हवा.

शेवटी एका मुलाचा एक विषय घ्या आणि त्याचे गुण एकेकाने वाढवत न्या. निकाल किंवा श्रेणी कुठेही खाली यायला नको. IFS मध्ये दोन सीमांपुढच्या श्रेणींची अदलाबदल झाली असेल तर ती सीमा ओलांडताना इथे लगेच दिसते.

खरे गुण मात्र या प्रतीत भरू नका. सुधारलेली सूत्रं मूळ फाइलमध्ये न्या आणि गुणांच्या चौकटी पूर्ण रिकाम्या आहेत ना ते बघा. बाजूला एका चौकटीत हे ठेवा:

```
=COUNTA(C2:H44)
```

गुण भरायला सुरुवात करण्याआधी तिथे 0 दिसलं पाहिजे आणि 43 च्या 43 ओळींपुढे ‘तपासा’. 0 ऐवजी 1 जरी दिसला तरी कुठेतरी खोटा गुण शिल्लक आहे, आधी तो शोधा. सगळ्या शिक्षकांनी भरून झाल्यावर हाच आकडा 258 यायला हवा, आणि ‘तपासा’ एकही उरता कामा नये.